आधी पाणी, मग नारळ

सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, आमचे गुरुजी, गावकरी मंडळी आणि माझ्या मुलांनो,

आजच्या पाहुण्यांचं नाव पत्रिकेत ‘श्री. सुभाषराव’ असं छापलंय. मी ते दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं, पण जीभ ‘सुभ्या’वरच घसरते. चौथीपर्यंत आम्ही एका पोत्यावर बसलोय. तेव्हा बाकं नव्हती. दर शनिवारी वर्ग शेणानं सारवायचो, आणि सुभाषराव सारवताना सगळ्यात जास्त सांडायचे.

पण सांगायचंय ते पाण्याचं. हा माणदेश. पाऊस सह्याद्रीच्या पलीकडेच रिता होतो आणि आपल्या वाट्याला नुसते ढग येतात. १९८४ च्या उन्हाळ्यात शाळेचा रांजण भरायची पाळी आमच्या दोघांवर होती. खालच्या विहिरीपासून शाळेपर्यंतचा चढ तुम्हाला माहीतच आहे. वर येईपर्यंत घागर निम्मी व्हायची, सदरा भिजायचा आणि वर छडी मिळायची. (गुरुजी, तुम्ही हसताय, पण हात आमचे होते.)

एके दिवशी सुभाषच्या घागरीत लिंबाचा डहाळा तरंगताना दिसला. पाणी जसंच्या तसं! ही युक्ती त्यानं आजीकडून उचलली होती. गुरुजींनी छडी बाजूला ठेवली, त्याला वर्गापुढं उभं केलं आणि म्हणाले, ‘‘का सांडत नाही, सांग.’’ सुभाषला सांगता येईना. मग गुरुजींनी त्या दिवशीचं गणित सोडून परातीत पाणी घेतलं आणि हलणारं पाणी पानांना अडून कसं शांत होतं, ते दाखवलं. माझ्या लेखी ती या शाळेतली पहिली प्रयोगशाळा.

पुढचं थोडक्यात सांगतो. दहिवडी, पुणे, आणि आता वीस वर्षं नेदरलँड्स. तिथली चौथाईच्या आसपास जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. पाणी उपसत राहिलं नाही तर वस्ती बुडेल. आमचा सुभाष तिथं बांध आणि पंपांचं काम बघतो. जिथं घागरभर पाणी मिळत नव्हतं तिथला पोरगा पाणी जास्त झालं म्हणून पगार घेतो, याचं मला अजून हसू येतं.

मुलांनो, याला काहीही विचारा. इंग्रजीला भिऊ नका. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. ही शाळा सोडली तेव्हा यालाही एबीसीडी येत नव्हती.

शाल-श्रीफळ गुरुजींच्या हस्ते द्यायचं आहे. पण आधी पाणी. चौथीची मुलं सकाळी त्याच विहिरीवरून घागर घेऊन आली आहेत. सुभ्या, आत वाकून बघ, वर काय तरंगतंय ते.