कोथरूडच्या टू बीएचकेसाठी पहिला फोन: मेघनासाठी संवाद

(भाड्याने घर शोधणाऱ्या निखिल सरांनी काल रात्री व्हॉट्सअॅपवर फक्त "फ्लॅट अजून आहे का?" एवढंच विचारलंय. शनिवारी साडेदहानंतर फोन लाव, त्याआधी नको. आपले आकडे आधी सांगायचे, मग त्यांचे विचारायचे. आपण काहीच न सांगता "बजेट किती?" म्हटलं की माणूस लगेच सावध होतो.)

मेघना: नमस्कार, निखिल सर ना? मी मेघना बोलतेय, पौड रोडवरच्या ऑफिसमधून. वनाज मेट्रो स्टेशनजवळच्या टू बीएचकेबद्दल काल तुमचा मेसेज आला होता. आत्ता पाच मिनिटं बोलू शकाल का, की संध्याकाळी करू?

निखिल: नाही, बोला ना. फ्लॅट आहे का अजून?

मेघना: हो, आहे. तिसरा मजला, लिफ्ट आहे, एका गाडीचं कव्हर्ड पार्किंग. आधी पैशांचं सगळं सांगते, म्हणजे तुमची चक्कर फुकट जायला नको. भाडं २७,०००, मेंटेनन्स त्यातच. डिपॉझिट एक लाख, घर सोडताना परत. आमचं ब्रोकरेज एका महिन्याचं भाडं. करार अकरा महिन्यांचा, रजिस्टर्ड. नोंदणी फी १,००० आणि स्टॅम्प ड्यूटी साधारण पावणेआठशे, ते मालक आणि तुम्ही निम्मं निम्मं. हे तुमच्या हिशोबात बसतंय का, की थोडं खालचंही दाखवू?

(इथे थांब. गप्प राहणं जड जातं, पण मध्ये बोलू नकोस.)

निखिल: आम्ही पंचवीसपर्यंत धरलं होतं.

मेघना: बरं झालं सांगितलंत. मालकांशी बोलून बघते, पण कमी होईलच असा शब्द आत्ता देत नाही. कर्वेनगरला २४,००० चा एक आहे, तिथे मात्र लिफ्ट नाही, दुसरा मजला. चालण्यासारखं आहे का?

निखिल: लिफ्ट हवीच. आई येणार आहे राहायला, तिचे गुडघे दुखतात.

(बघ, घरात कोण आहे ते न विचारता कळलं. इथून पुढे आईच्या सोयीचंच बोल.)

मेघना: मग वनाजचाच बरा. एक सांगून ठेवते, लिफ्टपर्यंत पोचायला बाहेर पाच पायऱ्या आहेत. कठडा आहे, पण काकूंना एकदा प्रत्यक्ष दाखवलेलं बरं. लाइट गेली तरी लिफ्टला बॅकअप आहे. बेडरूम एक मोठी, एक जरा लहान. काकूंसकट तुम्ही किती जण असाल, म्हणजे दोन बेडरूम पुरतील का?

निखिल: मी, बायको, मुलगी दुसरीत जाईल आणि आई. चौघं.

मेघना: पुरेल. लहान खोलीत काकू आणि मुलगी आरामात राहतील. शाळा जूनमध्ये सुरू होईल ना? त्याआधी घर लागायला हवं असेल. इथे रंगकाम चालू आहे, १० जूनला किल्ली मिळेल. तुमचं आत्ताचं घर कधीपर्यंत आहे?

निखिल: नोटीस द्यायचीय अजून. एक महिन्याची आहे.

मेघना: मग घाईने नोटीस देऊ नका. आधी घर बघा, पसंत पडलं आणि टोकन झालं की द्या. एखादा आठवडा दोन्हीकडचं भाडं पडेल, तेवढं धरून चाला. उद्या सकाळी अकरा किंवा संध्याकाळी सहा, कधी जमेल?

निखिल: सकाळी. आईलाही आणतो.

मेघना: उत्तम. मी खालीच थांबते, लोकेशन पाठवते. कागदपत्रं काही आणू नका, आधार वगैरे कराराच्या वेळी लागेल. जमलं नाही तर एक मेसेज टाका, पुन्हा ठरवू.

(उत्तर वेगळं आलं तर. "चौघी मैत्रिणी आहोत" म्हणाल्या, तर "फॅमिली आहे का बॅचलर?" हा प्रश्न तोंडातून नको. असं म्हण: "या सोसायटीत पोलीस व्हेरिफिकेशनसाठी राहणाऱ्या प्रत्येकीचं नाव द्यावं लागतं. चौघींची नावं करारात टाकायला हरकत नाही ना?" मालकांची अट आड येत असेल तर ती तिथल्या तिथे सांग, घर दाखवून नकार देणं वाईट.

आकडा सांगायला कचरले तर: "हरकत नाही, घर बघून सांगा." पुन्हा खोदू नकोस.

जात, धर्म, स्वयंपाकात काय बनतं, मूल का नाही, यातलं काहीही आपण विचारत नाही. मालक विचारायला सांगतील, तरी नाही.

फोन ठेवल्यावर वहीत: २५ पर्यंत, चार जण, आईसाठी लिफ्ट, जून, नोटीस बाकी. मग मालकांना फोन, भाडं २६ हजारांवर आणतात का ते बघ.)