वार्षिक सर्वसाधारण सभेच्या तारखेत बदलाची सूचना

दि. २० ऑगस्ट २०२५

सर्व सभासदांस,

रविवार, ३१ ऑगस्ट रोजी ठरलेली वार्षिक सर्वसाधारण सभा आता रविवार, १४ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी १०.३० वाजता संस्थेच्या कार्यालयाशेजारील हॉलमध्ये होईल. ३१ तारखेला गौरी आवाहन आहे, हे तारीख ठरवताना माझ्या लक्षात आले नाही. याबद्दल मनापासून दिलगिरी. निदर्शनास आणून देणाऱ्या भगिनींचे आभार.

विषयपत्रिका तीच राहील. सभा ३० सप्टेंबरपूर्वी घेणे कायद्याने बंधनकारक असल्याने तारीख पुन्हा बदलता येणार नाही.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय या वेळी मार्गी लागायलाच हवा. बी विंगच्या सातव्या मजल्यावर बेडरूममध्ये बादल्या ठेवून लोक झोपतात. मी स्वतः पाहून आलो आहे. तिन्ही कोटेशन्स कार्यालयात सायंकाळी ७ ते ९ या वेळेत पाहता येतील. कृपया वाचूनच या.

गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी ११ वाजता घेतली जाईल. पण तशी वेळ येऊ देऊ नका, ही कळकळीची विनंती.

व्यवस्थापक समितीच्या वतीने,
सचिव