कुत्र्यांना खायला घालण्याच्या जागा आणि वेळा : प्रस्ताव

नमस्कार मंडळी,

रविवारी रात्री मेन गेटवर झालेला वाद आणि त्यानंतर ग्रुपवर पडलेले मेसेज सगळ्यांनी वाचलेत. मी कुत्र्यांचा भक्तही नाही आणि वैरीही नाही. आमच्याकडे बायको त्यांना घाबरते आणि मुलगी काळूला पोळी दिल्याशिवाय झोपत नाही, त्यामुळे हे भांडण आमच्या घरातही चालूच आहे. कमिटीने मला दोन्ही बाजूंशी बोलून काहीतरी ठरवायला सांगितलं, म्हणून हे लिहितोय.

ए विंगचे आजोबा पडले ते गेटपाशी ताट ठेवल्याबरोबर चार कुत्री एकदम धावली म्हणून. कुत्रं चावलं नाही हे खरं, पण मनगटाचं प्लॅस्टरही खरंच आहे. दुसरीकडे, सी विंगच्या ताईंनी गेल्या दोन वर्षांत आपल्या सातपैकी पाच कुत्र्यांची नसबंदी स्वतः धावपळ करून करून घेतली (उजव्या कानाला खाच दिसते ती त्याचीच खूण). त्यांची भांडी फेकून देणं आणि त्यांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं, दोन्ही चूक झालं. ज्यांनी टाकलाय त्यांनी तो आजच डिलीट करावा, ही विनंती.

"गाडी बोलावून सगळी उचलून न्या" असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. तसं करता येत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून नेलं तिथेच परत सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही तेच आहे. त्या आदेशात अपवाद आहे तो रेबीज झालेल्या, तशी शंका असलेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांचा. पण "कायदा आमच्या बाजूने आहे, आम्ही कुठेही घालू" हेही तितकंच चूक. त्याच आदेशात रस्त्यावर कुठेही खायला घालायला मनाई आहे. आणि नियम सांगतात की मुलांची खेळायची जागा, जिने, येण्याजाण्याचे दरवाजे सोडून जागा ठरवायची, मुलं आणि ज्येष्ठ नागरिक फिरतात ती वेळ टाळायची, घाण होऊ द्यायची नाही. ही व्यवस्था लावणं सोसायटीचं काम आहे. आपण ते आजवर केलं नाही, म्हणून गेटवर भांडणं झाली.

आता जागा. वॉचमनकाकांना घेऊन शनिवारी दोनदा फेरी मारली. पहिली जागा पंप हाऊसमागची फरशी. तिथे नळ आहे आणि संध्याकाळनंतर कुणी फिरकत नाही. दुसरी, बंद असलेल्या मागच्या गेटच्या आतला कोपरा. दोन जागा अशासाठी, की पुढची चार आणि मागची तीन कुत्री एकमेकांच्या हद्दीत आली की रात्रभर भुंकतात. डी विंगच्या तळमजल्याची खिडकी मागच्या गेटपासून जवळ आहे. तिथल्या काकूंची हरकत असेल तर तो कोपरा पाण्याच्या टाकीकडे सरकवू.

वेळ सकाळी पावणेसहा ते सव्वासहा आणि रात्री साडेदहा ते अकरा. स्कूल व्हॅन पावणेसातनंतर येतात आणि शतपावलीवाले दहापर्यंत घरी जातात. खाणं झालं की वीस मिनिटांत भांडी उचलायची, फरशी धुवायची. चिकनची हाडं नकोत, पार्किंगमध्ये गाडीखाली पोळ्या टाकणं तर अजिबात नको. झुरळं आणि घुशी त्यावरच पोसल्यात. पाण्याचं भांडं दिवसभर राहील, पण पाणी रोज बदलायचं, नाहीतर डासांचा नवा वाद सुरू होईल.

गेटवरचं खाणं एका दिवसात बंद केलं तर कुत्री तिथेच ताटकळत बसतील आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीवर तुटून पडतील. म्हणून ताट रोज थोडं थोडं आत सरकवत आठ-दहा दिवसांत नव्या जागी न्यायचं, असं ताईंचं म्हणणं आहे. मला पटलं. तेवढे दिवस गेटवर वॉचमनकाका थांबतील.

उरलेल्या दोन माद्यांच्या नसबंदीसाठी आणि सातही जणांच्या रेबीज लशीसाठी महापालिकेकडे सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज या आठवड्यात जाईल. लशीच्या तारखा नोटीस बोर्डवर लावू. एखादं कुत्रं खरंच अंगावर येत असेल तर तारीख, वेळ, जागा लिहून कमिटीला द्या. "सगळीच चावरी आहेत" अशा तक्रारीवर काही करता येत नाही. आणि कुणाला चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला जायचं. हळद-तिखट लावत बसू नका.

हे सगळं एक महिना करून बघू. खायला घालणाऱ्यांनी आपलं नाव आणि वार मला वैयक्तिक मेसेजवर शुक्रवारपर्यंत कळवावं. ज्यांना जागेबद्दल हरकत आहे त्यांनी रविवारी सकाळी अकरा वाजता क्लब हाऊसमध्ये यावं, तिथून सगळे मिळून दोन्ही जागा बघायला जाऊ. आजोबांनी येतो म्हटलंय, तेव्हा खुर्ची आधीच मांडून ठेवा. तोपर्यंत ग्रुपवर या विषयावर फॉरवर्ड नकोत.

बी-३०४