शनिवारी बग बॅश: पट्टी ॲप दुकानदाराच्या हाती जाण्याआधी आपण मोडून पाहू

सर्वांना नमस्कार,

नव्या हळदीची आवक वाढायच्या आत आपलं पट्टी ॲप मार्केट यार्डातल्या पहिल्या दुकानांत बसवायचं आहे. त्याआधी येत्या शनिवारी सकाळी 11 ते 1 बग बॅश, म्हणजे सगळ्यांनी मिळून ॲपमधले दोष शोधायचा कार्यक्रम, ठेवलाय. अकाउंट्स, सपोर्ट, सेल्स, बसवणुकीला जाणारी मुलं, सगळ्यांनी यायचं. ‘आम्हाला टेस्टिंग येत नाही’ हे कारण चालणार नाही, कारण तुम्ही हवे आहात ते त्यासाठीच. आम्हाला कुठलं बटण कधी दाबायचं हे ठाऊक असतं, त्यामुळे आमचा हात नकळत सरळ वाटेनंच जातो. दुकानातला दिवाणजी तसा जाणार नाही.

काय तपासायचं: लॉट नोंदणी, सौद्याचा दर, वजन, हमाली-तोलाई कपात, पट्टी तयार करणं, छापणं आणि व्हॉट्सॲपवर पाठवणं. एवढंच. वार्षिक अहवाल अर्धवट आहे, तिथे जाऊ नका. लॉगिनचा ओटीपी, ऑनलाइन पेमेंट आणि ॲपचा वेगही या खेपेला नाही. रंग आवडला नाही, बटण उजवीकडे हवं होतं, अशा सूचना ‘सूचना’ या वेगळ्या पानावर लिहा. त्यांना गुण नाहीत, पण आम्ही वाचतो.

स्क्रीनच्या वर ‘चाचणी’ लिहिलेला पिवळा पट्टा दिसला तरच काम सुरू करा. खऱ्या शेतकऱ्याचं नाव किंवा मोबाईल नंबर टाकू नका. नमुन्याची खाती ग्रुपवर दिली आहेत.

दोघादोघांची जोडी असेल: एक ॲप चालवेल, दुसरा पाहील आणि लिहील. मध्येच अदलाबदल करा. निदान एका जोडीनं जुना, कमी मेमरीचा फोन आणावा. सुरुवातीला एक पट्टी कागदावर करून घ्या: 12 पोती, वजन 6 क्विंटल 12 किलो, दर 14,000 रुपये क्विंटल, म्हणजे कपातीआधी 85,680 रुपये. ॲपनं वेगळा आकडा दाखवला तर तिथेच थांबून नोंद करा. मग वाकड्या वाटा धरा. वजन १२ असं मराठी आकड्यात टाका. ‘जतन करा’ लागोपाठ दोनदा दाबा. पट्टी अर्धी असताना फोन येऊ द्या, नेट बंद करा, मागे जा. ‘कऱ्हाडकर’सारखं आडनाव छापून बघा. अकाउंट्सवाल्यांनी रुपये-पैशांचं पूर्णांकन धरून बसावं. तिथे त्यांच्याइतकी नजर ऑफिसात दुसऱ्या कुणाची नाही.

नोंद आणि गुण: नोंद गूगल फॉर्मवरच, वेळ आपोआप पडते आणि सगळ्या नोंदी एका शीटमध्ये सगळ्यांना दिसतात. रकाने असे: जोडी, फोन, स्क्रीन, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, फोटो. गुण आणि ‘मूळ नोंद क्र.’ हे दोन रकाने आम्ही भरू.

| दोष | गुण |
|---|---|
| पैसे किंवा वजन चुकलं, नोंद हरवली, दोनदा झाली | 10 |
| काम अडलं, ॲप बंद पडलं | 5 |
| काम होतं, पण वळसा घालावा लागतो | 3 |
| शुद्धलेखन, मांडणी | 1 |

वाचून आम्हाला पहिल्याच झटक्यात तो दोष दिसला तर वर 2 गुण. ‘पट्टी चालत नाही’ एवढ्यावर काही मिळणार नाही. ‘लॉट 7, वजन टाकलं, मागे गेलो, परत आलो, वजन शून्य’ असं लिहा. चुकीच्या नोंदीचे गुण कापले जाणार नाहीत, तेव्हा शंका आली तरी लिहा.

एकच दोष दोघांना सापडला तर: लिहिण्याआधी शीटमध्ये स्क्रीनचं नाव शोधा. तरीही दुबार झालं तर पूर्ण गुण आधीच्या नोंदीला. पण घाईत जागा अडवायला टाकलेली अर्धवट नोंद ‘आधीची’ धरणार नाही. पावलं लिहिलेली पहिली नोंद मूळ. नंतरच्यानं नवं काही सांगितलं असेल, जसं दुसऱ्या फोनवरही होतं किंवा ठरावीक वजनालाच होतं, तर त्याला 2 गुण, नाहीतर शून्य. दुबार नोंद कुणीही पुसायची नाही. आम्ही ती मूळ नोंदीला जोडू.

लक्षणं वेगळी पण कारण एकच, असंही निघेल. पट्टीवर आणि व्हॉट्सॲपवर एकच चुकलेली रक्कम दिसली तर तो एकच दोष. पण हे कोड बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून तुम्ही दोन्ही लिहा. 1 ते 1:30 आम्ही आणि डेव्हलपर बसून छाननी करू. शंका असेल त्या जोडीला बोलावू. तिथला निर्णय अंतिम. 10 गुणांचे दोष सुटल्याशिवाय ॲप दुकानात जाणार नाही. बाकीच्यांचं काय करायचं ते सोमवारी ठरेल.

पहिल्या जोडीला दोन किलो भडंग. सांगलीचा की जयसिंगपूरचा, हे जिंकणाऱ्यांनी ठरवावं. जेवण सगळ्यांना आहे.

जोडीदाराचं नाव आणि फोनचं मॉडेल गुरुवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका. ज्यांचं येणार नाही, त्यांच्या जोड्या आम्ही लावू, आणि शक्यतो वेगळ्या विभागातल्या माणसाबरोबर.

— टेस्टिंग विभाग