जीएम बदलतोय, आपलं ठरलेलं बदलत नाही

सगळ्या सप्लायर आणि कॉर्पोरेट मंडळींना नमस्कार,

येत्या ३१ तारखेला हॉटेलचा जीएम म्हणून माझा शेवटचा दिवस, १ तारखेपासून मीनल मॅडम सूत्रं हाती घेतायत. बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं की आता आपलं जे ठरलंय त्याचं काय, म्हणून सगळ्यांना एकदमच लिहितोय.

रेट कॉन्ट्रॅक्ट, क्रेडिट पिरियड, कॉर्पोरेट रेट, बिल टू कंपनीची सोय, हे सगळं हॉटेलने तुमच्याशी केलंय, मी एकट्याने नाही, त्यामुळे मुदत संपेपर्यंत जसंच्या तसं चालेल. पण इतक्या वर्षांत बरंच तोंडीही ठरत गेलं. मोठ्या कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी लॉन्ड्रीची जादा फेरी, किंवा एखाद्या कंपनीचे पाहुणे रात्री उशिरा पोचतात तर त्यांची रूम संध्याकाळी सहाला रिलीज करायची नाही, असं बरंच काही. मला आठवलं ते हँडओव्हर नोटमध्ये लिहून दिलंय, आणखी काही असेल तर २५ तारखेच्या आत मेल करा, मी तपासून सही करतो आणि मॅडमच्या फाइलला लावतो. हे खरंच मनावर घ्या, कारण जे कागदावर नाही ते नव्या माणसाने पाळावं असं म्हणणं बरोबर नाही.

आता मॅडमबद्दल. फ्रंट ऑफिसपासून वर आल्यात, आमच्याच ग्रुपच्या दुसऱ्या हॉटेलात ऑपरेशन्स बघत होत्या. इथे आल्या त्या पहिल्यांदा केबिनमध्ये नाही, रिसिव्हिंगला जाऊन उभ्या राहिल्या. भाजीच्या क्रेटचं वजन रिकामं क्रेट वजा करून लिहितात का ते बघितलं, लॉन्ड्रीचा माणूस जायच्या आत फाटक्या चादरी वेगळ्या काढून चलनावर लिहायला लावल्या. कडक वाटतील, पण पीओ, चलन आणि बिल जुळलं की पेमेंट अडकवून ठेवणाऱ्या त्या नाहीत, आणि सप्लायरला यापेक्षा जास्त काय हवं असतं.

कॉर्पोरेटवाल्यांनी पुढच्या वर्षाच्या रेटचं थेट त्यांच्याशी बोला, आणि येताना यंदाचे रूम नाइट्स किती झाले तो आकडा हातात ठेवा, बोलणं तिथूनच सुरू होतं. ग्रुप बुकिंगच्या रिलीज डेट आहेत त्याच राहतील.

एक गोष्ट मात्र जपा. जीएम बदलला की फसवे मेल येतात, "आमचं बँक अकाउंट बदललंय, अॅडव्हान्स इथे भरा" असे. आमचं अकाउंट बदललेलं नाही. असा मेल आला तर उत्तर न देता, त्यातला नंबरही न वापरता, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर अकाउंट्सला फोन करा. तुमचं खातं बदललं असेल तर आम्हीही तुम्हाला फोन करूनच खात्री करू, राग मानू नका.

ऐन सीझनमध्ये, सुट्टीच्या दिवशी, रात्री-अपरात्री मी फोन केला आणि तुम्ही माल पोचवलात, रूम कमी पडल्या तेव्हा काही कंपन्यांनी आपल्या लोकांच्या तारखा पुढे ढकलल्या, हे मी विसरणार नाही. मीनल मॅडमनाही असंच सांभाळून घ्या.

२८ तारखेला दुपारी चार ते सहा आम्ही दोघं लॉबीशेजारच्या मीटिंग रूममध्ये असू, जमेल त्यांनी नक्की या, थकलेली बिलं असतील तर सोबत आणा, तिथेच बघून टाकू.

आपला,
संजय
जनरल मॅनेजर