मुलींचं वसतिगृह, दुसरा मजला, कराड : २०२२–२६ बॅचचं निरोपाचं कार्ड

मुखपृष्ठ

बादली एकीची, मग दुसरीचा, साबण तिसरीचा.
आंघोळ मात्र जिचा नंबर तिची.

आतलं पान

(लिहिणारी: खोली २७. माझं अक्षर बरं आहे हे तुम्हाला फर्स्ट इयरच्या जर्नलांच्या वेळी कळलं, त्याची शिक्षा अजून भोगतेय.)

आपलं नातं रक्ताचं नाही, मेसच्या डाळीचं आहे. डाळ पातळ होती, तरी टिकलं.

❋

मैत्रीण म्हणजे ती, जी हजेरीला ठणकावून सांगते, "बाथरूममध्ये आहे, मॅडम." आणि तू तेव्हा एसटीत, अजून उंब्रजसुद्धा आलेलं नसतं.

❋

प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एक होऊन वाहतात. आपणही आधी भिडलोच होतो, खिडकीजवळच्या खाटेवरून. संगमानंतर नाव कृष्णेचंच राहतं, कोयनेचं कुणी घेत नाही. आपल्या खोलीतली कृष्णा कोण, ते लिहीत नाही. तिला माहीत आहे.

❋

दिवाळीची सुट्टी संपली की सात घरच्या चकल्या एका पेपरवर. सांगलीचं भडंग अकरापर्यंत संपायचं, सोलापूरची शेंगाचटणी बाराला, आणि एक वाजता कुणीतरी ट्रंकेत लपवलेला लाडवांचा डबा "सापडायचा". नुसत्या चवीवरून कुठली चकली कुणाच्या आईची ते सांगायचो. इतक्या आया एका मुलीला कुठून मिळतात?

❋

सेकंड इयरला मला ताप भरला, त्या रात्री तिघींनी पाळ्या लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिघींचा पेपर होता. मिठाच्या पाण्याची पट्टी म्हणजे कुणाचा तरी पांढरा रुमाल, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं फूल. अर्धवट शुद्धीत मला थर्मोडायनॅमिक्सची व्याख्या ऐकू येत होती, कपाळावर हात ठेवून पाठांतर चाललं होतं. मला ती व्याख्या आजही पाठ आहे. रुमालही माझ्याकडेच आहे, मागू नका.

❋

खोली २४ साठी
पहाटे चारचा अलार्म लावायची ती. उठायचो आम्ही तिघी.

लातूरकरणीला
२०१६ मध्ये तुमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, हे तू पहिल्याच आठवड्यात मला सुनावलंस. मी नळ उघडा टाकून ब्रश करत होते. तेव्हापासून मी नळ बंद करते आणि तुझं सगळं ऐकते. यातलं निम्मं खरं आहे.

चिपळूणच्या बाईंना
मे महिन्यात हापूसची पेटी आली की "ताई", पेटी संपली की "ए". चार वर्षांत तू एकदाही रागावली नाहीस. पेटी मात्र दरवर्षी लहान होत गेली, ते आम्ही पाहिलंय.

तिन्ही पाटलांना
खालून "पाटील, फोन!" अशी हाक आली की तिघी धावायच्या आणि फोन चौथीचाच निघायचा.

जिचा साखरपुडा ठरलाय तिला
केसांना मेंदी थापून, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून व्हायव्हा पाठ करणारी तू. फोटो माझ्याकडे आहे. पत्रिका वेळेत पाठव.

मेसच्या काकूंना
काकू, तुमच्या चपातीला आम्ही नकाशा म्हणायचो, हे तुम्हाला माहीत होतं ना? तरी प्रत्येक पेपरला दारात उभं राहून हातावर दही-साखर घातलीत. केटी लागली त्यांच्याही हातावर घातलीत, जरा जास्तच.

रेक्टर मॅडमना
चार वर्षांत जप्त झालेल्या कॉइल पाच. न सापडलेल्या किती, ते आज निरोपाच्या दिवशीही सांगणार नाही. ज्युनिअर्सना लागतील.

मागचं पान

उसनवारी मिटवली असं समजू. माझे सत्तर रुपये जिच्याकडे आहेत तिनं तेवढं समजू नये.

❋

भांडण झालं की आपण बोलणं बंद करायचो, पण एकमेकींचे वाळत घातलेले कपडे पाऊस आला की आत आणायचो. यापुढे आपल्या दोऱ्या वेगळ्या गावांत असणार. पाऊस दिसला की फोन तरी करा.

❋

स्टँडवर रडायचं नाही असं ठरलंय. कोल्हापूरची गाडी आधी सुटते, तेव्हा तिकडच्यांनी सुरुवात करू नये.

ता. क. ती निळी बादली नक्की कुणाची? रविवारपर्यंत कुणी नेली नाही तर मी नेतेय. मग आणि साबण तुमचे तुम्ही बघा.