सात पॉइंट दोन

सकाळचे साडेसहा. मैदानाभोवतीची दुसरी फेरी. नाना पुढे, शेजारच्या सुधाताई दोन पावलं मागे.

नाना : सुधाताई, आज फारच सावकाश? पाय दुखतोय का?

सुधाताई : पाय नाही हो. या शुगरनं जीव नकोसा केलाय. आत्ता उपाशीपोटी बघितली, ७.२.

नाना : मग एवढं काय मनाला लावून घेता? माझीही ७.२ आहे. डॉक्टर म्हणाले, अजून थोडी खाली आणू या.

सुधाताई : अजून खाली? आणि तरी तुम्ही असे ताडताड चालता?

नाना : न चालायला काय झालं? आज सकाळी तर १३२ आली.

सुधाताई : थांबा. ७.२ की १३२?

नाना : दोन्ही. १३२ मीटरवरची, आजची. ७.२ लॅबमधली, तीन महिन्यांची. एचबीएवनसी हो. तुम्हीही तीच केलीत ना?

सुधाताई : मी कुठे गेले लॅबमध्ये? घरीच बोट टोचलं. काल अकरा वाजता १४.२ होती, तेव्हा जरा बरं वाटलं. आज पुन्हा उतरली.

नाना : (थबकतात) असं होणारच नाही. ती तांबड्या पेशींना चिकटलेली साखर असते. पेशी तीन-चार महिने जगतात, म्हणून तेवढ्या दिवसांचा हिशेब तिच्यात दिसतो. एका रात्रीत १४ वरून ७ वर कशी येईल? आणि १४ ला बरं वाटलं म्हणता?

सुधाताई : वाढली म्हणून बरं वाटलं. तुम्हीच नव्हतं का सांगितलं, ७० च्या खाली गेली की लगेच साखर घ्यायची? माझी तर ७० सोडाच, दहाच्याही आत येते. आठवडा झाला, रोज सकाळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पिते. सकाळची गोळीही दोन दिवस घेतलेली नाही.

नाना : अरे देवा. बसा आधी इथे बाकावर. हात दाखवा. कापतायत? घाम, धडधड?

सुधाताई : तसलं काही नाही. दिवसभर घशाला कोरड पडते. पाणी पिऊन पिऊन कंटाळा आला.

नाना : ही साखर वाढल्याची खूण आहे, सुधाताई. कमी झाली की हात थरथरतात, अंगाला घाम सुटतो. आणि खरोखर ७ असती तर माणूस शुद्धीवरही राहत नाही. मीटर आहे का जवळ?

(सुधाताई पिशवीतून लहानशी काळी डबी काढतात. नाना चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ नेतात. आकड्याखाली बारीक अक्षरं आहेत : mmol/L.)

नाना : हे कुठलं?

सुधाताई : लेकीनं परदेशातून आणलं. जुनं बंद पडलं होतं.

नाना : हेच ते. माझ्या मीटरवर mg/dL असतं. माझ्या धाकट्या भावाकडे तुमच्यासारखं आहे, फोनवर तो आकडा सांगतो आणि मी १८ नं गुणतो. आता बघा. अठरा सत्ते एकशे सव्वीस, वरच्या पॉइंट दोनचे साडेतीनच्या आसपास. झाले १३०.

सुधाताई : १३०? म्हणजे तुमच्याइतकीच?

नाना : सारखीच धरा. मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, दोन-चार आकड्यांचं काय घेऊन बसायचं? आता कालचे १४.२. अठरा गुणिले चौदा दोनशे बावन्न, वर थोडे. २५६.

सुधाताई : (बराच वेळ गप्प) आणि मी खूश झाले होते.

नाना : चूक माझीही आहे. ७० म्हणालो, पण कशातले ७० ते सांगितलंच नाही. मला दुसरं मोजमाप माहीत असूनही सुचलं नाही. आज प्यायलात का ते पाणी?

सुधाताई : नाही अजून. फिरून गेल्यावर पिते. साखरेची पुडी मात्र बरोबर ठेवते, ही बघा. टाकून देऊ का?

नाना : टाकू नका, ती असावीच. पण तुमच्या मीटरवर ३.९ च्या खाली आकडा गेला तरच घ्यायची. ३.९ म्हणजे आपले ७०. आणि गोळीचं मनानं काही करू नका. दवाखान्यात फोन लावा, दोन दिवस गोळी चुकली, साखरेचं पाणी घेतलं, सगळं सांगा. मीटरही घेऊन जा, त्यांना तो पडदा दिसू दे.

सुधाताई : बोलतील हो मला.

नाना : बोलू दे. मी येतो बरोबर, ७० चं मीच सांगितलं होतं म्हणेन.

(सुधाताई पेन मागून घेतात. डबीच्या आतल्या झाकणावर ठळक लिहितात : ३.९. खाली : गुणिले १८.)

सुधाताई : चला, उठा. एक फेरी राहिलीय.